आय-२० हातातल्या बॅगेतच

मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे शिकागोला निघालेल्या विद्यार्थ्याची मोठी बॅग त्याला इमिग्रेशन पार केल्यावरच मिळते. पासपोर्टसोबत आय-२० हा विद्यापीठाने दिलेला फॉर्म मात्र त्याआधीच, काउंटरवर दाखवावा लागतो. तो मोठ्या बॅगेत राहिला, तर अधिकारी आय-५१५ए देऊन ३० दिवसांपुरता प्रवेश देऊ शकतो. पण तो देणे त्याच्या मर्जीवर असते.

म्हणून केबिन फोल्डरच्या पहिल्या कप्प्यात सही केलेला आय-२०, प्रवेशपत्र, सेव्हिस शुल्काची पावती आणि कर्जमंजुरीचे पत्र ठेवावे. आय-२० वर विद्यार्थ्याची सही आहे ना, हे घरीच पाहावे.

मूळ गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र मागच्या कप्प्यात, पारदर्शक प्लास्टिकमध्ये. लॅमिनेशन नको, पंचिंगही नको. लॅमिनेट केलेल्या कागदावर पुढे शिक्का मारता येत नाही. विद्यापीठाने सीलबंद दिलेला ट्रान्स्क्रिप्टचा लिफाफा कुतूहलानेही फोडू नये, कारण सील तुटले की तो बहुधा स्वीकारला जात नाही.

झेरॉक्सचा संच मोठ्या बॅगेत जावा. मूळ कागद आणि प्रती एकत्र ठेवल्या, तर एक फोल्डर हरवताच दोन्ही जातात. स्कॅन मोबाइलमध्ये इंटरनेटविना उघडतील असे साठवावेत, मात्र काउंटरवर त्यांच्यावर विसंबू नये.