सेहेचाळीस पानांतला घाणा

नाशिकजवळच्या एखाद्या गावात लाकडी घाण्यावर शेंगदाणा तेल काढणारा छोटा उद्योग डोळ्यांपुढे आणा. मालक नवरा-बायको. चार वर्षांपूर्वी बँकेचं कर्ज काढताना सीएंनी करून दिलेला प्रोजेक्ट रिपोर्ट त्यांच्याकडे आहे. त्यानंतर त्यात पुतण्यानं इंटरनेटवरून काढलेली बाजारपेठेची माहिती घुसली, एका स्पर्धेसाठी लिहिलेली चार पानं आली, नव्या बाटल्यांचं कोटेशन आलं. फाईल ४६ पानांची झाली. आता पुण्यातले दोन गुंतवणूकदार भेटायला तयार आहेत आणि म्हणतात, ‘आधी प्लॅन पाठवा.’ हा उद्योग नमुन्याचा आहे, आकडेही समजुतीपुरते धरलेले आहेत. पण अशी फाईल बऱ्याच कपाटांत निघेल.

पहिला मोह होतो तो वाक्यं आखूड करण्याचा. त्यानं ४६ची ३५ पानं होतात आणि दुखणं तसंच राहतं, कारण हा रिपोर्ट दुसऱ्याच माणसाच्या प्रश्नाचं उत्तर आहे. बँकेला पाहायचं असतं, हप्ता फिटेल का आणि नाही फिटला तर हाती काय लागेल. म्हणून त्यात सातबारा आहे, शेडचा नकाशा आहे, यंत्रांची कोटेशनं आहेत, पाच वर्षांचे अंदाजी ताळेबंद आहेत. गुंतवणूकदाराला ना तारण ना व्याज. तो धंद्यात हिस्सा घेतो, आणि धंदा बुडाला तर त्याचेही पैसे बुडतात. त्याचे प्रश्न वेगळे: धंदा वाढेल का, वाढताना दर लिटरमागे काही उरेल का, आणि ही माणसं ते करू शकतील का?

हार्वर्डचे प्राध्यापक विल्यम साल्मन यांनी १९९७मध्येच एका गाजलेल्या लेखात तक्रार केली होती की, बहुतेक योजनांत आकड्यांवर नको इतकी शाई खर्च होते आणि खऱ्या कामाच्या माहितीवर फार थोडी. त्यांच्या मते योजनेत पाहायचं ते माणसं, संधी, भोवतालची परिस्थिती आणि जोखीम-परतावा.

कात्री लावायच्या आधी पेन्सिल घ्यावी. प्रत्येक पानाच्या समासात एकच गोष्ट लिहायची: हे पान कोणाच्या कोणत्या प्रश्नाला उत्तर देतं? आपल्या फाईलमध्ये गुंतवणूकदाराच्या प्रश्नाशी नातं असलेली जेमतेम नऊ पानं निघतात. सातबारा, परवाने, कोटेशनं अशी पंधराएक पानं पुढे कोणी मागितली तर लागतील, ती वेगळ्या जोड-फाईलमध्ये जातात. उरलेल्या बावीस पानांना कोणीच वाचक नाही. घाण्याच्या तेलाची प्राचीन परंपरा, शेंगदाण्यातली जीवनसत्त्वं, भारताच्या खाद्यतेल बाजाराची उलाढाल. ‘या बाजाराचा फक्त एक टक्का मिळाला तरी’ हे वाक्य तर पहिल्यांदा काढावं. तो एक टक्का कोण, कुठल्या गल्लीतून आणणार, हे त्यात कधीच नसतं. मूळ फाईल मात्र जशीच्या तशी जपून ठेवायची आणि काटछाट तिच्या प्रतीवर करायची.

मग उरलेल्या पानांतला प्रत्येक आकडा एका तक्त्यात उतरवायचा: आकडा, पान क्रमांक, कधीचा, कशावरून. हे काम कंटाळवाणं आहे, पण जुनी योजना पकडली जाते ती इथेच. आपल्या फाईलमध्ये आठव्या पानावर तीन घाणे आहेत, बाविसाव्यावर चार. हवी असलेली रक्कम एका ठिकाणी २५ लाख आहे, दुसरीकडे ४० लाख. शेंगदाण्याचा भाव चार वर्षांपूर्वीचा आहे. वाचणाऱ्याला एक विसंगती सापडली की तो पुढचे सगळे आकडे संशयानं पाहतो. त्यामुळे दोनांपैकी कुठला बरोबर हे आठवणीवर न ठरवता बिलं आणि वह्या काढून ठरवायचं.

वह्या उघडल्या की फाईलमध्ये नसलेलंच काहीतरी हाती लागतं. ऑर्डरच्या वहीत गेल्या वर्षातले ६४० ग्राहक आहेत आणि त्यातल्या ४१० जणांनी पुन्हा तेल नेलंय. ४६ पानांत हे कुठेच नाही. बँकेनं विचारलं नव्हतं.

आता एका लिटरचा हिशोब. तो जुन्या फाईलमध्ये एकतिसाव्या पानावर पुरलेला आहे आणि शिळा आहे. लिटरभर तेलाला साधारण अडीच किलो दाणे लागतात. १२० रुपये किलोनं ते ३०० रुपये झाले. पेंड विकून ६३ रुपये परत येतात, म्हणजे दाण्यांचा खरा खर्च २३७. बाटली, लेबल, वीज, घाण्यावरची मजुरी मिळून ३८. एकूण २७५. विक्री ३८० रुपयांना, त्यातून ५ टक्के जीएसटी गेला की हातात ३६२. घरपोच देण्याचे २५ वजा केले तर लिटरमागे ६२ रुपये उरतात. दुकानातून विकलं तर दुकानदाराचे १५ टक्के जाऊन जेमतेम ३२.

महिन्याला ११०० लिटर विकतात, त्यातलं सत्तर टक्के थेट घरी. हिशोब केला तर महिन्याला ५८,३०० रुपये उरतात. भाडं आणि दोन पगार मिळून ७०,००० जातात. म्हणजे धंदा आज थोड्या तोट्यात आहे आणि १३२० लिटरच्या आसपास खर्च निघेल. जुन्या फाईलमध्ये मात्र तिसऱ्या वर्षीच नऊ लाखांचा नफा दाखवलाय. खोडायला हात धजत नाही तो याच ठिकाणी. तरी खोडावा. गुंतवणूकदार हाच हिशोब स्वतः मांडणार आहे, आणि तोटा आपण आधी सांगितला तर त्याला पुढचा प्रश्न विचारता येतो.

सुटे तुकडे शेजारी आले की आणखी एक गोष्ट दिसते. एका घाण्याला पंधरा किलोचा घाणा काढायला तासभर लागतो असं धरलं, तर दिवसाला आठ घाणे, म्हणजे ४८ लिटर. तीन घाण्यांची ताकद महिन्याला साडेतीन हजार लिटरच्या घरात जाते. विक्री त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकी. मग चौथ्या घाण्यासाठी पैसे कशाला? क्षमता आठव्या पानावर होती, विक्री एकोणतिसाव्या आणि मागणी चव्वेचाळिसाव्या. एवढ्या अंतरामुळे हा प्रश्न चार वर्षं कोणाला पडला नाही. सुगीत दाणे भरून ठेवायला पैसे लागतातच, पण ते बँकेच्या हंगामी कर्जातून घ्यावेत. माल विकला की ते फिटतं, त्यासाठी धंद्यातला हिस्सा कायमचा देणं महागात जातं. गुंतवणूकदाराकडून मागायचे ते थेट ग्राहक वाढवण्याचे पैसे, आणि तो आकडा या नव्या हिशोबातून १८ लाखांवर येतो.

क्रम यातूनच ठरतो. आधी काय विकतो आणि आतापर्यंत किती विकलं. मग एका लिटरचा हिशोब, मग ग्राहक कुठून वाढणार, मग ही दोघं कोण, मग तोटा आणि धोके, शेवटी किती पैसे आणि कशाला. सगळं मिळून चार पानं होतात. पहिला परिच्छेद असा उतरतो:

‘आम्ही नाशिकमध्ये लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल थेट घरी पोचवतो. महिन्याला ११०० लिटर. गेल्या वर्षीच्या ६४० ग्राहकांपैकी ४१० जणांनी पुन्हा घेतलं. घरपोच लिटरमागे ६२ रुपये उरतात. १३२० लिटरला खर्च निघेल, आज आम्ही त्याच्या खाली आहोत. यंत्रं पुरेशी आहेत. आम्हाला १८ लाख हवेत ते ग्राहकांपर्यंत पोचायला.’

भेटीत दोघांपैकी एकजण विचारणारच, ‘उरलेले २३० ग्राहक का परत आले नाहीत?’ याचं उत्तर वहीतही नाही. प्लॅन पाठवण्याआधी त्यातल्या वीस-पंचवीस घरी फोन करावा लागेल.