खोल गेलेला आवाज: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सत्तरीच्या आसपास अनेकांचा आवाज हळूहळू खोल जातो. सकाळी बरा असतो, दुपारनंतर त्यात नुसती हवा ऐकू येते. फोनवर पलीकडचा माणूस दोनदा ‘काय म्हणालात?’ विचारतो आणि मग घरातली ज्येष्ठ मंडळी बोलणेच कमी करतात. या त्रासावर घरोघरी जे उपाय होतात त्यांतले बरेचसे चुकतात, कारण मुळात बिघडले काय आहे याचीच कल्पना चुकीची असते.

गैरसमज १ : घसा खराब झाला आहे, औषधाने सुटेल.

घशाला सूज नसतानाही आवाज असा होऊ शकतो. स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. आपण बोलतो तेव्हा ते मधोमध येऊन मिटतात आणि फुप्फुसांतून येणाऱ्या हवेने थरथरतात. वय वाढते तसा त्यांच्या आतला स्नायू रोडावतो आणि वरचा मऊ, लवचीक थर ताठर होत जातो. मग तंतूंच्या कडा सरळ राहत नाहीत, बाहेरच्या बाजूला वाकतात. मिटल्यावरही मध्ये चातीच्या आकाराची बारीक फट उरते. तिथून हवा निसटते, म्हणून आवाज फुसका येतो, लवकर दमतो आणि वाक्य संपण्याआधी श्वास संपतो. पुरुषांचा आवाज पूर्वीपेक्षा पातळ होतो तोही याच बदलांमुळे. मध किंवा ज्येष्ठमध घशाला बरे वाटायला ठीक आहे, पण गिळलेला पदार्थ अन्ननलिकेत जातो. तो स्वरतंतूंवर पोचत नाही आणि स्नायूही भरून काढत नाही.

गैरसमज २ : आवाज थकला आहे, त्याला विश्रांती द्या.

ओरडून आवाज बसला असेल तर काही दिवसांची विश्रांती योग्य आहे. इथे मात्र स्नायू आधीच अशक्त झाला आहे, आणि गप्प बसल्याने तो आणखी ढिला पडतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाय चालवावा लागतो, तसेच हे आहे. समजा, ७४ वर्षांचे निवृत्त शिक्षक आहेत. एका श्वासात ‘आ’ लांबवायला सांगितले तर ८ सेकंदांत आवाज तुटतो. निरोगी प्रौढाला १५ सेकंद सहसा जड जात नाहीत. कान-नाक-घसा तज्ज्ञ दुर्बिणीतून पाहून फट आहे आणि गाठ किंवा लकवा नाही, याची खात्री करतात. मग स्पीच थेरपिस्ट व्यायाम देतात. ‘फोर्टे’ नावाच्या पद्धतीत ‘आ’ मोठ्या, भरदार आवाजात लांबवायचा, नंतर तो खालून वर आणि वरून खाली न्यायचा. पुढे रोजचीच वाक्ये, जसे की ‘भाजी आणलीस का?’, आधी गल्लीपलीकडे हाक मारावी तशी चढ्या सुरात आणि मग वर्गात हुकूम द्यावा तशी खालच्या, ठाम सुरात म्हणायची. आठवड्यातून एकदा थेरपिस्टसमोर आणि उरलेले दिवस घरी, असे निदान ४ आठवडे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात एवढ्याच काळात या व्यायामाने ज्येष्ठांचा आवाजाचा त्रास कमी झाला आणि बोलताना लागणारा जोरही कमी वाटू लागला.

यावर रास्त आक्षेप असा की मोठ्याने बोलून आधीच दमलेला घसा आणखी बिघडणार नाही का? गळा आवळून ओरडले तर बिघडेलच. म्हणून पहिले काही आठवडे थेरपिस्टची नजर हवी. जोर मानेत नव्हे, श्वासात असतो. व्यायाम करताना मानेच्या शिरा फुगल्या, घसा खवखवला किंवा आवाज चिरका झाला, तर पद्धत चुकते आहे असे समजावे आणि थांबावे.

गैरसमज ३ : वयच झाले, आता काय सुधारणार?

व्यायामाने तरुणपणीचा आवाज परत येत नाही, आणि दुर्बिणीतून फट बऱ्याचदा तशीच दिसते. फायदा होतो तो श्वास आणि आवाज यांचा मेळ बसल्याने आणि उरलेला स्नायू पुरेपूर वापरला गेल्याने. फट मोठी असेल तर केवळ व्यायाम पुरत नाही. अशा वेळी तंतूत हायलुरॉनिक आम्लासारखे भरण टोचून किंवा शस्त्रक्रियेने त्याला आत सरकवून फट कमी करतात. व्यायाम अर्धवट सोडले तर मिळालेला फायदाही ओसरतो.

मात्र घोगरेपणाचे खापर लगेच वयावर फोडू नये. आवाजातला बदल ४ आठवड्यांत गेला नाही तर दुर्बिणीची तपासणी करावीच. तंबाखूची सवय, गिळताना त्रास, थुंकीतून रक्त, मानेत गाठ किंवा अचानक गेलेला आवाज यांपैकी काही असेल तर तेवढेही थांबू नये. स्वरयंत्राच्या कर्करोगातही सुरुवातीला आवाज असाच घोगरा होतो. पार्किन्सनमध्येही आवाज असाच बारीक होतो. तपासणीत यांपैकी काही निघाले नाही, फट तेवढी दिसली, तर मग त्या माणसाला गप्प बसवू नये. त्याला रोज मोठ्याने बोलायला लावावे.