१६ जीबी रॅम की ३२? आधी आपल्या गर्दीच्या तासाचा हिशोब काढा

केज तालुक्यातल्या युसूफ वडगावातून एका भावाचा फोन आला होता. त्याचं ऑनलाइन फॉर्मचं सेंटर आहे, जोडीला लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं डिझाइन करून देतो. म्हणाला, "सर, दुकानदार म्हणतोय ३२ जीबीच घ्या, १६ मध्ये भागणार नाही. काय करू?"

मी त्याला विचारलं, "आत्ता मशीन किती जीबीचं आहे?" तर १६ चंच. म्हटलं, मग अंदाज कशाला लावायचा? मोजूया की.

गर्दीचा तास पकडायचा. त्याच्याकडे तो जुलैमध्ये येतो, पीकविम्याच्या वेळी. क्रोममध्ये वीसेक टॅब उघडे असतात: सातबारा, महाडीबीटी, आपले सरकार, व्हॉट्सॲप वेब. मागे कोरलड्रॉ आणि फोटोशॉप चालू. अशा वेळी Ctrl+Shift+Esc दाबायचं, Task Manager उघडेल. त्यात Performance मध्ये Memory वर जायचं.

तिथे टक्केवारी बघून घाबरू नका. मोकळी मेमरी जास्त असली की विंडोज आणि क्रोम ती सढळ हाताने वापरतात. तेच काम ३२ जीबीच्या मशीनवर जास्त जागा खाताना दिसेल. बघायचं ते Available आणि Committed. Available म्हणजे लगेच देता येईल अशी मेमरी. Committed मधला पहिला आकडा म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमनी मिळून मागून ठेवलेली मेमरी. Committed रॅमच्या वर गेलंय, Available जेमतेम अर्धा-एक जीबी उरलंय आणि एका खिडकीतून दुसरीत जाताना मशीन अडखळतंय, असं तिन्ही एकदम दिसलं तर रॅम खरंच कमी पडतेय. तेव्हा विंडोज जादा माल डिस्कवर ठेवत असतं, आणि एसएसडी कितीही चांगली असली तरी ती रॅमइतकी वेगवान नसते.

भावाने फोन चालू ठेवूनच बघितलं. विंडोज आणि अँटिव्हायरस मिळून साधारण ४ जीबी, क्रोम ४, कोरलड्रॉ दीड, फोटोशॉप दोन-अडीच. म्हणजे बारा. Available तीनच्या आसपास. मग अडकतं कुठे? म्हणाला, "पोर्टल गोल गोल फिरतं, आणि वाढदिवसाचा मोठा फ्लेक्स उघडला की सगळंच बसतं."

पोर्टलचं सोडा. ते फिरत असताना कोरलमध्ये काम सुरळीत चालतंय ना? मग दोष साइटचा नाहीतर नेटचा. मध्येच लॉगआउट होणं हाही साइटचाच नियम. त्याला ६४ जीबी घातली तरी फरक पडणार नाही.

फ्लेक्सची गोष्ट मात्र खरी निघाली. फाइल १० बाय ५ फुटांची, आणि रिझोल्यूशन ठेवलेलं ३००! पत्रिकेची सवय, दुसरं काय. आता हिशोब बघा. १० फूट म्हणजे १२० इंच. ३०० ने गुणलं की ३६,००० पिक्सेल रुंदी, १८,००० उंची. सीएमवायके मध्ये एका पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे एकच पूर्ण लेयर सुमारे २.६ जीबी. असे चार-पाच लेयर आणि वर फोटोशॉप मागच्या पायऱ्या लक्षात ठेवतो ते वेगळंच. तिथे ३२ जीबीसुद्धा धापा टाकेल. फोटोशॉपची साधी PSD फाइल तर ३०,००० पिक्सेलच्या पुढे सेव्हच होत नाही, तिथेच शंका यायला हवी होती. लांबून बघायच्या फ्लेक्सला ७२ पुरतं. ७२ वर तोच लेयर १५० एमबीचा होतो, म्हणजे सतरा पट हलका. (तरी आपल्या प्रिंटिंगवाल्याला एकदा विचाराच.) त्याने ७२ वर फाइल केली आणि १६ मध्येच काम निघालं.

मग ३२ कोणाला? ज्याचा गर्दीच्या तासाचा आकडा सवयी सुधारूनही रोज १४-१५ च्या वर राहतो त्याला. उदाहरणार्थ लग्नाच्या ४के व्हिडिओचं एडिटिंग करत असताना मागे क्रोम आणि फोटोशॉप उघडंच ठेवणारा. एडिटिंग कधीतरीच असेल तर बाकीचं बंद करून १६ मध्ये होतं.

नवीन घेणाऱ्यांनी मात्र एक चौकशी करा: रॅम नंतर वाढवता येते का? काही लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच पक्की बसवलेली असते, जागा नसते. तसा लॅपटॉप घेत असाल आणि व्हिडिओचं काम वाढणार असेल, तर ३२ आत्ताच घ्या. डेस्कटॉप असेल तर १६ घेऊन थांबा. Task Manager मध्ये त्याच पानावर Slots used लिहिलेलं असतं. '1 of 2' असेल तर एक जागा रिकामी आहे. उद्या १६ ची दुसरी पट्टी टाकता येईल. फक्त पट्टी त्याच पिढीची हवी, डीडीआर४ च्या जागेत डीडीआर५ बसत नाही.

भावाने रॅमचे पैसे ठेवलेत, आणि आता यूपीएसचे भाव विचारतोय. फॉर्म अर्धा भरला आणि लाइट गेली, हे त्याच्याकडे रॅम कमी पडण्यापेक्षा जास्त वेळा होतं.