पहिला आठवडा

उन्हाळ्याची सुट्टी लागली, की महाविद्यालयातील काही मुले-मुली कारखान्यांत, प्रयोगशाळांत आणि कार्यालयांत महिनाभर काम शिकायला जातात. अशा विद्यार्थ्याला उन्हाळी प्रशिक्षणार्थी म्हणतात. पण तो जेथे जातो तेथील माणसे आपल्या कामात गुंतलेली असतात. मग पहिला दिवस एका खुर्चीवर बसून जातो, दुसरा दिवस जुनी रजिस्टरे चाळण्यात जातो आणि आठवडा संपतो. हे टाळण्यासाठी दोन कागद उपयोगी पडतात. एक म्हणजे स्वागताचे पत्र आणि दुसरा म्हणजे पहिल्या आठवड्याचा आराखडा. हे कागद कसे तयार करावेत, ते एका उदाहरणावरून पाहू.

ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ तालुक्यात जांभूळ नावाचे गाव आहे. येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे मोठे जलशुद्धीकरण केंद्र आहे. बदलापूरजवळच्या बारवी धरणाचे पाणी नदीत सोडतात. बारवी नदी उल्हास नदीला मिळते. उल्हास नदीतून ते पाणी उपसून जांभूळला आणतात, शुद्ध करतात आणि ठाणे जिल्ह्यातील कारखान्यांना व शहरांना पुरवतात. उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली यांसारख्या शहरांतील पुष्कळ घरांत हे पाणी पोहोचते.

समजा, अशा केंद्राच्या प्रयोगशाळेत उल्हासनगरची एक मुलगी मे महिन्यात शिकायला येणार आहे. ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात असून तिचा विषय रसायनशास्त्र आहे. ही मुलगी आणि तिला लिहिलेले पत्र कल्पनेतले आहे. पाण्याचे काम मात्र खरे आहे.

मे महिन्यात प्रयोगशाळेला उसंत नसते. शुद्धीकरण रात्रंदिवस, तीन पाळ्यांत चालते. पाण्याचा गढूळपणा आणि त्यातील क्लोरीन ठरावीक वेळेने मोजून रजिस्टरात लिहावे लागते. शिवाय पावसाळा तोंडावर आलेला असतो. पहिल्या मोठ्या पावसात नदी एका रात्रीत गढूळ होते, म्हणून तुरटीचा साठा आणि उपकरणे आधीच तपासून ठेवावी लागतात. अशा वेळी नव्या मुलीजवळ बसून सारे समजावायला कोणाला सवड मिळणार? म्हणून प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी ती येण्याच्या चार दिवस आधीच तिला पत्र पाठवले. ते असे :

“सप्रेम नमस्कार.

आमच्या प्रयोगशाळेत तुमचे स्वागत आहे. सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता फाटकावर या. पहारेकऱ्याकडे तुमचे नाव दिलेले आहे. महाविद्यालयाचे ओळखपत्र जवळ असू द्या. पायांत बंद बूट आणि अंगावर सुती कपडे असावेत. एप्रन आम्ही देऊ. एक जाड वही आणि जेवणाचा डबा आणा.

पहिला आठवडाभर तुम्ही आमच्या ज्येष्ठ रसायनतज्ज्ञ बाईंबरोबर राहाल. कोणतीही शंका प्रथम त्यांना विचारा. पाळी बदलताना, म्हणजे सकाळी व दुपारी अर्धा तास, त्या कामात असतात. तेवढा वेळ शंका वहीत लिहून ठेवा. धोका वाटला, तर मात्र कोणतीही वेळ पाहू नका.

क्लोरीनच्या खोलीत एकट्याने जायचे नाही. कोणतीही झडप फिरवायची नाही. रजिस्टरात पहिला आठवडा तुम्ही लिहायचे नाही. आपली नोंद वहीत करायची.

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. नमुना घेताना किंवा मोजताना चूक झाली, तर लगेच सांगा. नमुना पुन्हा घेता येतो. त्यासाठी कोणी रागावणार नाही.

कळावे,
प्रयोगशाळा प्रमुख”

पत्र लहान आहे, पण त्यात चार गोष्टी स्पष्ट सांगितल्या आहेत : कोठे व केव्हा यायचे, कोणाला विचारायचे, काय करायचे नाही आणि चूक झाली तर काय करायचे. केंद्राचा इतिहास आणि सगळ्या यंत्रांची नावे पत्रात दिलेली नाहीत. ती माहिती यंत्रासमोर उभे राहूनच नीट कळते.

आता आठवड्याचा आराखडा पाहू. त्याचा नियम साधा आहे. आधी पाहायचे, मग बरोबरीने करायचे, मग दुसऱ्याच्या देखरेखीखाली एकटीने करायचे.

सोमवारी पाण्याच्या वाटेने चालायचे. नदीचे पाणी कोठे येते, त्यात तुरटी कोठे मिसळते, गाळ कोणत्या टाकीत खाली बसतो, वाळूच्या थरातून पाणी कसे गाळले जाते आणि शेवटी क्लोरीन कोठे मिसळतो, हे त्या क्रमानेच पाहायचे. याच दिवशी क्लोरीनपासून बचाव शिकवायचा. क्लोरीन वायू हवेच्या सुमारे अडीचपट जड असतो, म्हणून गळती झाली की तो जमिनीलगत आणि खड्ड्यांत साचतो. तिखट वास आला, तर वारा कोणत्या दिशेने वाहतो ते पाहायचे, वाऱ्याला आडवे चालत वायूच्या पट्ट्यातून बाहेर पडायचे आणि उंच जागी जायचे. हे सांगणे मंगळवारवर ढकलता येत नाही.

मंगळवारी नमुने घ्यायला शिकायचे. बुधवारी गढूळपणा आणि क्लोरीन मोजायचा. ती मोजेल आणि बाईही मोजतील. दोन आकडे शेजारी शेजारी लिहायचे. आकडे जुळले नाहीत, तर कारण शोधायचे. समजा, टाकीजवळ घेतलेल्या पाण्यात बाईंना लिटरमागे ०.८ मिलिग्रॅम क्लोरीन आढळला आणि तिला ०.४ आढळला. विचारल्यावर कळले, की तिने नमुना तासभर उन्हात ठेवला होता. पाण्यातला क्लोरीन उन्हाने व वेळेने कमी होतो, म्हणून तो जागेवरच मोजावा लागतो. तिचा आकडा खरा मानून कोणी क्लोरीन वाढवला असता, तर पाण्याला नको इतका वास आला असता. पत्रात पहिला आठवडा रजिस्टरात लिहू नका असे का सांगितले, ते येथे कळते.

गुरुवारी आणि शुक्रवारी तिला एक पुरे काम द्यायचे. या प्रयोगशाळेत त्यासाठी जार टेस्ट चांगली. गढूळ पाण्यात तुरटी विरघळली, की मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून पुंजके होतात आणि खाली बसतात. पण तुरटी किती घालायची? ते या चाचणीने ठरते. मे महिन्यात नदीचे पाणी बरेच निवळ असते, त्यामुळे फरक नीट दिसत नाही. म्हणून शिकण्यापुरते पाण्यात थोडी माती कालवून घ्यायची.

सहा भांड्यांत एकेक लिटर गढूळ पाणी घ्यायचे. दुसऱ्या भांड्यात दहा ग्रॅम तुरटी विरघळवून एक लिटर द्रावण करायचे. या द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये दहा मिलिग्रॅम तुरटी असते. सहा भांड्यांत अनुक्रमे एक, दोन, तीन, चार, पाच आणि सहा मिलिलिटर द्रावण घालायचे. मिनिटभर जोरात ढवळायचे, मग पंधरा मिनिटे अगदी हळू. जोरात ढवळत राहिले, तर झालेले पुंजके फुटतात. नंतर अर्धा तास भांड्यांना हात लावायचा नाही. शेवटी वरवरचे पाणी हलकेच घेऊन गढूळपणा मोजायचा. त्याचे एकक एनटीयू आहे.

समजा, सहा भांड्यांचे आकडे ३०, १४, ६, ३, ३ आणि ५ आले. कोणती मात्रा निवडावी? चौथ्या आणि पाचव्या भांड्यात पाणी सारखेच निवळले आहे. म्हणून चौथ्याची, म्हणजे लिटरमागे ४० मिलिग्रॅमची मात्रा योग्य. सहाव्या भांड्यात तुरटी जास्त असूनही पाणी अधिक गढूळ राहिले, कारण प्रमाणाबाहेर तुरटी घातली तर कण पुन्हा नीट चिकटत नाहीत. आता हिशोब करा. दहा लाख लिटर पाण्याला ४० मिलिग्रॅमच्या मात्रेने ४० किलो तुरटी लागते आणि ५० मिलिग्रॅमच्या मात्रेने ५० किलो. म्हणजे प्रत्येक दहा लाख लिटरमागे दहा किलो तुरटी वाचली. राहिलेला ३ एनटीयू गढूळपणा वाळूच्या थरात गाळला जातो. पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या भारतीय मानकात गढूळपणाची इष्ट मर्यादा १ एनटीयू आहे.

शनिवारी नवे काही शिकवायचे नाही. तिने आपली वही बाईंना दाखवायची आणि राहिलेल्या शंका विचारायच्या. पुढच्या आठवड्यात कोणते काम तिने एकटीने करायचे, ते दोघींनी मिळून ठरवायचे.

आता पत्रातल्या शेवटच्या वाक्याकडे पुन्हा वळू. मंगळवारी ती दोन प्रकारच्या बाटल्या पाहते. रासायनिक तपासणीची बाटली नमुना भरण्याआधी त्याच पाण्याने दोन-तीन वेळा खळबळून घेतात. जिवाणूंच्या तपासणीची बाटली मात्र निर्जंतुक केलेली असते आणि ती कधीही खळबळायची नसते. तिच्या तळाशी सोडियम थायोसल्फेट नावाचे औषध थोडेसे असते. नमुना भरताच ते पाण्यातला क्लोरीन नाहीसा करते. ते नसेल, तर क्लोरीन वाटेत बाटलीतही जिवाणू मारत राहतो आणि नळाशी पाणी कसे होते ते कळत नाही.

समजा, त्या मुलीने टापटिपीच्या सवयीने ही बाटलीही खळबळली आणि औषध वाहून गेले. बाटली वरून अगदी तशीच दिसते. अहवालही चांगला येतो : “जिवाणू आढळले नाहीत.” वाईट अहवाल आला असता, तर लोकांनी पुन्हा तपासणी केली असती. चांगल्या अहवालावर कोण शंका घेणार? ही चूक ना बाटलीवरून ओळखता येते, ना अहवालावरून. ती एकाच माणसाला ठाऊक असते; जिने बाटली धुतली तिला.

ती भीतीने गप्प राहिली, तर एका वस्तीचे पाणी न तपासताच शुद्ध ठरेल. तिने सांगितले, तर फार तर अर्ध्या तासाचे काम वाढेल आणि नवी बाटली घेऊन कोणीतरी पुन्हा नळावर जाईल. प्रमुखांनी तेवढ्यासाठी ते वाक्य लिहिले होते, आणि ती नळाजवळ पोहोचण्याच्या चार दिवस आधी ते तिच्या हातात पडले होते.