गेटपास कंपनीचा, दाखला ठेकेदाराचा

बिद्री परिसरातली अनेक मुलं कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत ठेकेदारामार्फत कामाला लागतात. नोकरी सोडल्यावर दाखल्यासाठी त्यांचे जे हेलपाटे होतात, त्यातले निम्मे चुकीच्या दारात होतात.

गैरसमज: काम कंपनीत केलं, म्हणजे दाखलाही कंपनीच्या एचआरनेच द्यायचा.

वस्तुस्थिती: समजा, एका मुलाने दोन वर्षं सीएनसी मशीन चालवलं आणि 31 मार्चला काम सोडलं. एचआरवाले म्हणतात, "तू आमच्या पटावर नाहीस." ऐकून वाईट वाटतं, पण बहुतेकदा ते खरं असतं. पीएफचं पासबुक उघडून बघावं. तिथे आस्थापना म्हणून ठेकेदाराचं नाव असेल, तर अर्ज त्याच्याकडेच करायचा. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहितेच्या कलम 56 नुसार कंत्राटी कामगाराने मागितल्यावर ठेकेदाराने अनुभवाचा दाखला द्यायचा असतो, आणि त्यात केलेल्या कामाचा तपशील हवा. मात्र हे मागितल्यावरच मिळतं. शिवाय ही तरतूद 50 किंवा अधिक कंत्राटी कामगार असलेल्या ठिकाणी लागू होते.

म्हणून तोंडी सांगून थांबू नये. अर्जात आधारवरचं नाव, यूएएन, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख लिहावी. कामाच्या रकान्यात नुसतं "हेल्पर" पडू नये म्हणून "सीएनसी टर्निंग ऑपरेटर" असं स्पष्ट मागावं. पुढच्या मुलाखतीत याच ओळीवर पगार ठरतो. अर्ज मेलने आणि स्पीड पोस्टने पाठवून पावती जपावी.

गैरसमज: रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचा दाखला एकच.

वस्तुस्थिती: रिलीव्हिंग लेटर सांगतं की राजीनामा मंजूर झाला आणि अमुक तारखेला कामातून मोकळं केलं. नोटीस न देता निघून गेलेल्याचं हे पत्र अडतं, कारण मोकळं केल्याची नोंदच नसते. पण केलेलं काम त्यामुळे पुसलं जात नाही. म्हणून दोन्ही कागद वेगवेगळे मागावेत. पगाराचा हिशेबही दाखल्याला बांधून ठेवता येत नाही. राजीनाम्यानंतर दोन कामकाजी दिवसांत देणं चुकतं करावं, असं वेतन संहिता सांगते.

गैरसमज: ठेकेदाराने पीएफमध्ये सोडल्याची तारीख भरली नाही, तर सगळंच अडलं.

वस्तुस्थिती: शेवटच्या वर्गणीला दोन महिने झाले की यूएएन पोर्टलवर Manage मध्ये Mark Exit निवडून आधारच्या ओटीपीने ती तारीख स्वतः भरता येते. आपल्या उदाहरणातल्या मुलाने 31 मार्चच भरावी. नवी कंपनी दाखला आणि पीएफच्या तारखा ताडून बघते, आणि तफावत दिसली की शंका घेते.

अर्जाला उत्तरच आलं नाही, तर त्याची प्रत, पोस्टाची पावती आणि पीएफ पासबुक घेऊन कोल्हापूरच्या सहाय्यक कामगार आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते.