माणसाचं काम काय? ॲरिस्टॉटल, चप्पल शिवणारे काका आणि एक अडचण

मागच्या आठवड्यात कुर्ला स्टेशनबाहेर माझ्या बॅगेचा पट्टा तुटला. कडेला चप्पल शिवायला बसणाऱ्या काकांनी पाच मिनिटांत शिवून दिला. टाके घट्ट, एका रेषेत. चांगला कारागीर कसा ओळखायचा हे तिथे लगेच कळतं. पण चांगलं जगणारा माणूस कसा ओळखायचा?

ॲरिस्टॉटल त्याच्या 'निकोमाखियन एथिक्स' या ग्रंथात हाच प्रश्न घेतो. त्याचा शब्द आहे 'एर्गॉन', म्हणजे एखाद्या गोष्टीचं खास काम. बासरीवाल्याचं चांगलेपण त्याच्या वाजवण्यात दिसतं, चांभाराचं चपलेत. मग माणसाचंही असं काही काम असेल, तर ते नीट करणं म्हणजेच चांगलं जगणं.

पण माणसाला काम आहे हे कशावरून? इथे ॲरिस्टॉटल उलटा प्रश्न विचारतो. सुताराला काम आहे, चांभाराला आहे, डोळ्याला, हाताला, पायाला आहे; मग माणूस तेवढा बिनकामाचा जन्मला का? पुढे तो वजाबाकी करतो. वाढणं आणि पोसणं तर झाडांनाही जमतं. बघणं, ऐकणं, दुखणं जनावरांनाही आहे. उरतं ते विचाराने चालणारं जगणं. म्हणून माणसाचं भलं म्हणजे विचारशक्ती उत्तम रीतीने वापरत जगणं, आणि तेही एक दिवस नाही, आयुष्यभर.

ऐकायला सरळ वाटतं, पण तीन ठिकाणी खटकतं. पहिलं, हाताला काम आहे म्हणून अख्ख्या माणसाला आहेच असं होत नाही. दुसरं, फक्त आपल्याकडे आहे म्हणून ते चांगलंच कसं? बर्नार्ड विल्यम्स या इंग्लिश तत्त्वज्ञाने दाखवलं की मजेसाठी जीव मारणं, निसर्गाची नासाडी करणं हीसुद्धा माणसाचीच खासियत आहे.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी: काम एकच असेल कशावरून? हातातला फोन बघा. तो कॅमेरा आहे, घड्याळ आहे, पाकीट आहे. कुणाला फोटो चांगले हवेत, कुणाला बॅटरी. 'चांगला फोन कुठला' हे वापरणारा ठरवतो. पण माणसाला वापरणारा कोण?

हा प्रश्न आपल्याकडे पुस्तकी नाही. 1936 साली बाबासाहेब आंबेडकरांनी लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी भाषण लिहिलं. आयोजकांना मजकूर झेपला नाही, परिषद रद्द झाली आणि बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं: 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'. त्यात ते म्हणतात की जात म्हणजे नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे, आणि तीही आवड किंवा कुवत न बघता, जन्मावरून. तिथेच ते प्लेटोलाही धरतात. प्लेटोने माणसांचे तीन वर्ग पाडले होते. बाबासाहेबांचं म्हणणं, माणसामाणसांत इतका फरक असतो, आणि एकेका माणसात इतक्या तऱ्हा असतात, की मोजक्या कप्प्यांत कुणाला बसवताच येत नाही.

आता ॲरिस्टॉटलची बाजू. तो 'माणसाचं काम' म्हणतो तेव्हा एखादा धंदा सांगत नसतो. चपला शिवणं, मुलं वाढवणं, भांडण मिटवणं, हे सगळं माणूस कारणं शोधत, निवड करत करतो. विचार हे यादीतलं आणखी एक काम नाही, ती सगळी कामं करण्याची पद्धत आहे. असं वाचलं तर वेगवेगळ्या आयुष्यांना जागा उरते. फोनवाली अडचणही हलकी होते, कारण इथे वापरणारा बाहेरचा कुणी नाही, जगणारा स्वतःच आहे.

पण ही बाजू खुद्द ॲरिस्टॉटलनेच सांभाळली नाही. 'पॉलिटिक्स'मध्ये तो म्हणतो की काही माणसं निसर्गतःच गुलाम असतात, त्यांच्यात विचारपूर्वक ठरवण्याची ताकद नसते. म्हणजे विचार हे माणसाचं काम ठरवलं, आणि मग तो कुणाकडे किती आहे हे मोजायचा हक्क मालकाकडे दिला. कप्पे परत आले. मला वाटतं, युक्तिवाद मोडतो तो इथे. 'माणूस विचाराने जगतो' इथपर्यंत ठीक आहे. 'म्हणून तुझं काम अमुकच' हे त्यातून निघत नाही.

पट्टा शिवताना मी काकांना विचारलं होतं, हेच काम करायचं होतं का? ते हसले. "वडील करायचे म्हणून बसलो. विचारलं कुणी?"

ॲरिस्टॉटलचा चांभार फक्त उदाहरणापुरता येतो. त्याला कुणी काही विचारत नाही. तुम्हाला कुणी 'हे तुझं काम नाही' म्हणालं, तर ते कुणी ठरवलं एवढं नक्की विचारा. आणि काय उत्तर मिळालं ते मला व्हॉइस नोटवर पाठवा. भेटू पुढच्या भागात!