पंचवीस दिवसांचे घड्याळ: ‘सेक्रेड गेम्स’ कादंबरीत आणि पडद्यावर

विक्रम चंद्रा यांची ‘सेक्रेड गेम्स’ ही इंग्रजी कादंबरी 2006 साली आली. नेटफ्लिक्सवरील मालिकेचे दोन भाग 2018 आणि 2019 मध्ये प्रदर्शित झाले. मुंबईचा शीख पोलीस अधिकारी सरताज सिंग आणि टोळीप्रमुख गणेश गायतोंडे ही जोडी दोन्हीकडे आहे. गायतोंडे सुरुवातीलाच मरतो आणि पुढे आपली कहाणी स्वतःच सांगत राहतो, हेही दोन्हीकडे सारखेच. (पुढे दोन्हींचा शेवट उघड केला आहे.)

सर्वांत मोठा बदल वेळेचा आहे. मालिकेत गायतोंडे मरण्यापूर्वी सरताजला बजावतो की पंचवीस दिवसांत शहर वाचव. तेथून प्रत्येक प्रसंग त्या मुदतीकडे धावतो. कादंबरीत अशी मुदत नाही. तिथे सरताजची रोजची पोलीसगिरी चालू राहते. किरकोळ गुन्ह्यांचे तपास, हप्ते, ओळखीपाळखी यांतून तो फिरत असतो, आणि अण्वस्त्राचा धोका फार सावकाश, तुकड्यातुकड्यांनी उलगडतो. सुमारे नऊशे पानांना हा संथपणा पेलतो. पुढचा भाग लगेच पाहावासा वाटायला हवा अशा मालिकेला मात्र तो परवडला नसता, म्हणून पटकथाकारांनी घड्याळ लावले.

घड्याळ लावल्यावर बाकीची माणसेही बदलली. गुप्तचर अधिकारी अंजली माथूर कादंबरीत अखेरपर्यंत जिवंत आहे. मालिकेत पहिल्याच भागात तिची हत्या होते आणि सरताज एकटा पडतो. दुसऱ्या भागातील बात्या हे पात्र तर कादंबरीत नाहीच. पुस्तकातले गुरुजी चाकाच्या खुर्चीत बसलेले असतात, तर पंकज त्रिपाठी यांनी उभे केलेले गुरुजी चालते-फिरते आहेत.

गायतोंडेने सरताजलाच का निवडले, याचे उत्तरही वेगळे आहे. पुस्तकात सरताजने एकदा ओळख नसताना त्याला दाखवलेले छोटेसे सौजन्य त्याच्या लक्षात राहिलेले असते. मालिकेत सरताजच्या वडिलांशी असलेले जुने नाते पुढे येते. त्यामुळे कथा अधिक घट्ट बांधली जाते, पण निव्वळ योगायोगातून दोन आयुष्ये जुळण्यातले पुस्तकाचे सौंदर्य हरवते.

पुस्तकात मुख्य कथेच्या मध्ये स्वतंत्र प्रकरणे येतात. त्यांतले एक सरताजच्या आईचे, प्रभज्योत कौरचे आहे. फाळणीत तिची बहीण हरवते. तिचा धागा पुढे सरहद्दीपलीकडच्या एका माणसापर्यंत पोहोचतो, पण ते फक्त वाचकाला कळते, सरताजला नाही. मालिकेने हा धागा घेतला, तरी फाळणीच्या त्या प्रकरणाचा विस्तार तिच्या वेगात मावला नाही.

शेवटी पुस्तकात बॉम्ब सापडतो, शहर वाचते आणि सरताज पुन्हा आपल्या नोकरीत रुजू होतो. मालिका मात्र तो बॉम्ब निकामी करण्याचा प्रयत्न करत असतानाच थांबते, निकाल दाखवत नाही. फक्त मालिका पाहिलेल्यांनी निदान प्रभज्योत कौरचे प्रकरण तरी वाचावे.